बायलाइनवर क्लिक केल्यावर जे पान उघडतं त्यावर काय लिहू? मानपत्र नकोय

बार्शीलाइट
नमस्कार मंडळी. मी सोलापूर जिल्ह्यात एका छोट्या न्यूज पोर्टलला आहे, त्याआधी पेपरात होते, सगळं मिळून 19 वर्षं झाली. आता संपादकांनी फर्मान काढलंय की बातमीवरच्या नावावर क्लिक केलं की त्या रिपोर्टरचं पान उघडलं पाहिजे, त्यात बीट कुठली, आजवरचं ठळक काम काय आणि आपण कुठले नियम पाळतो हे दीडशे-दोनशे शब्दांत द्यायचं. शनिवारपर्यंत. मी बसले लिहायला आणि जे झालं ते वाचून नवरा म्हणाला, सत्कार कधी आहे? शाल-श्रीफळ मीच आणतो.

हे बघा:

"(नाव) या निर्भीड व अभ्यासू पत्रकार असून ऊस, सहकार, पाणी, राजकारण, शिक्षण, आरोग्य, क्राइम अशा विविध विषयांवर त्यांची मजबूत पकड आहे. त्यांनी एफआरपी घोटाळा उघडकीस आणून हजारो शेतकऱ्यांना न्याय मिळवून दिला. आदर्श पत्रकार पुरस्कारासह अनेक पुरस्कारांनी सन्मानित. सत्य, निष्पक्षता व समाजहित ही त्यांच्या लेखणीची त्रिसूत्री आहे."

खोटं काही नाही हो यात. पण वाचून मलाच कसंतरी झालं. कुठून सुरुवात करू?

पंकज_डिजिटल
ताई चांगलं आहे की! उलट बीट वाढवा. गूगल ऑथर पेज बघतं हल्ली, जितके जास्त विषय तितके कीवर्ड, पंधरा टाका. आणि पुरस्कार वरती घ्या, ऑथॉरिटी दिसते.

जुना_खिळा
पंकजराव, अर्धं बरोबर. लेखक कोण, त्याला या विषयातलं काय कळतं हे वाचणाऱ्याला समजावं असं गूगल सांगतं हे खरं, पण पंधरा विषय लिहिले म्हणून बातमी वर येते असं कुठेच नाही. आणि पंधरा बीट असलेला रिपोर्टर म्हणजे बीट नसलेला रिपोर्टर, डेस्कवर 31 वर्षं काढून सांगतो.

बार्शीलाइट, तुमच्या मसुद्यात पहिला दोष भाषेचा आहे. "असून". मराठीत "या अमुक असून" असं सुरू झालं की पुढे एकतर सत्कार येतो नाहीतर निधनवार्ता. तुमच्याच पानावर तुम्ही स्वतःला "त्या" कशाला म्हणता? "मी" लिहा. म्हणजे "निर्भीड" आपोआप गळून पडेल, कारण "मी निर्भीड आहे" असं लिहिताना माणसाला लाज वाटते.

दुसरं. बीट म्हणजे आवडीचे विषय नव्हेत. गेल्या वर्षभरातल्या तुमच्या बायलाइन काढा आणि मोजा. जिथे तुम्ही महिन्यातून तीन-चारदा लिहिता, जिथल्या कारकुनाला तुमचा नंबर पाठ आहे, ती बीट. बाकी सगळं ड्युटी लागली म्हणून केलेलं.

वाट_चुकलेला
बायलाइनचा विषय निघालाच आहे तर माझंही ऐका, मी तालुक्याचा वार्ताहर होतो सहा वर्षं, रात्री दीडला पुराच्या पाण्यातून बातमी पाठवली आणि सकाळी वर छापलं "प्रतिनिधी". जिल्हा कार्यालयातल्या माणसाने एक फोन फिरवला त्याचं मात्र नाव. त्यावर कुणी बोलत नाही. पान कसलं घेऊन बसलात, आम्हाला साधं नाव मिळत नव्हतं.

जुना_खिळा
वाट_चुकलेला, दुखणं खरंय पण धागा वेगळा आहे. तरी एक सांगतो, तुमच्या तक्रारीचा इथे संबंध लागतो. "प्रतिनिधी" लिहिलं की वाचकाला विचारायला माणूसच राहत नाही. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत आपल्याच राज्यात शब्दाला शब्द तोच मजकूर एकमेकांच्या स्पर्धक पेपरांत बातमी म्हणून छापून आला होता, पी. साईनाथांनी तो शेजारी शेजारी ठेवून दाखवला, पुढे पेड न्यूजवर प्रेस कौन्सिलची उपसमिती बसली. तेव्हा बातमी कुणी लिहिली याला काही अर्थच उरला नव्हता. नावामागे माणूस आहे आणि त्याचे हितसंबंध काय आहेत, हे सांगायला हे पान.

हडसनकाठी
मी अमेरिकेत असते, पत्रकार नाही, फक्त पेपर वाचते. न्यूयॉर्क टाइम्सने त्यांच्या बऱ्याच रिपोर्टरची पानं अलीकडे अशीच केलीत. मी काय कव्हर करते, माझी पार्श्वभूमी, मग नीतिमूल्यं, मग संपर्क. सगळं प्रथमपुरुषी. नीतिमूल्यांत सत्य-शिव-सुंदर नसतं, तर मी कुठल्या उमेदवाराला देणगी देत नाही, मी ज्यावर लिहितो त्या कंपन्यांचे शेअर बाळगत नाही, अशा धर्तीचं असतं. मला वाचक म्हणून तेच हवं असतं. हा माणूस कुणाचा आहे ते कळू दे, तो किती थोर आहे ते मी ठरवीन.

बार्शीलाइट
जुना_खिळा काका, मोजलं. खरंच बसून मोजलं. गेल्या 12 महिन्यांत 141 बायलाइन, त्यात 83 ऊस-साखर-सहकार, 29 उजनीचं पाणी आणि कालवे, उरलेलं किरकोळ. क्राइमच्या चारच, त्यातल्या दोन तर पोलिसांची प्रेस नोट होती. मी स्वतःला काय समजत होते!

आता एफआरपीचं. 2022-23 च्या हंगामातली गोष्ट. साखर आयुक्तालय दर पंधरवड्याला कारखानानिहाय एफआरपीचा तक्ता काढतं. जानेवारीच्या तक्त्यात आमच्या भागातल्या एका कारखान्याची थकबाकी शून्य होती. गावात मात्र लोक म्हणत होते बिल आलेलं नाही. मी आणि फोटोग्राफर दोन गावांत फिरलो, 23 जणांची पासबुकं आणि उसाच्या वजनाच्या पावत्या बघितल्या. त्यातल्या 17 जणांना डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात घातलेल्या उसाचा रुपया जमा नव्हता. कायद्याने ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वर्षाला 15 टक्के व्याज. बातमी लागली, मार्चमध्ये पैसे जमा झाले. मग "न्याय मिळवून दिला" यात चूक काय?

ॲड_भीमाकाठ
चूक सांगतो. "घोटाळा" हा शब्द कुणी वापरला? कुठल्या कोर्टाने, चौकशी अधिकाऱ्याने? बातमीत तुम्ही कारखान्याचा खुलासा घेतला असेल, बरोबर? मूळ बातमीत दोन्ही बाजू आहेत. पानावर फक्त "घोटाळा उघडकीस आणला" उरतं, खुलासा गळतो, आणि हे पान बातमीसारखं खाली जात नाही, रोज नवीन बातमीला चिकटून पुन्हा लोकांसमोर येतं. बदनामीची फिर्याद करायची असेल (आता भारतीय न्याय संहितेचं कलम 356) तर मी चेअरमनचा वकील म्हणून बातमी सोडून हे वाक्यच पकडीन. "तफावत" म्हणा. तुम्हाला तफावत सापडली, ती कागदावर आहे.

अजून एक, "प्रेस कौन्सिलचे नियम पाळते" एवढंच लिहून सुटायचा मोह होईल. नियम चांगले आहेत, जरूर पाळा. पण कौन्सिलची कक्षा छापील पेपर आणि वृत्तसंस्थांपुरती, तुमचं पोर्टल तिच्यात बसत नाही. आणि कौन्सिल करून करून ताकीद देते, निषेध नोंदवते. वाचकाला वाटायला नको की तिकडे तक्रार करता येईल.

उसाचं_पाचट
ताई तुमची ती बातमी आठवते मला, आमच्याच पट्ट्यातली ना. पण मार्चमध्ये पैसे आले ते बातमीमुळे? संघटनेने काटे बंद पाडले होते जानेवारीतच, पुण्याला आयुक्तालयात निवेदन दिलं होतं, सुनावणीची तारीख पण लागली होती. मी स्वतः होतो त्या गाडीत, येताना टेंभुर्णीला भेळ खाल्ली. बातमीने जोर आला हे मान्य. पण हजारो शेतकऱ्यांना तुम्ही एकट्यांनी न्याय दिला म्हणालात तर गावात हसतील.

बार्शीलाइट
बरोबर आहे दादा. मोर्चाची बातमी पण मीच दिली होती त्या वेळी आणि मीच विसरले. मग मी काय केलं असं लिहू?

जुना_खिळा
जे केलंत ते. तक्ता आणि 23 पासबुकं शेजारी ठेवली. हे दुसऱ्या कुणी केलं नव्हतं. "ठळक काम" मध्ये परिणाम लिहायचा मोह सगळ्यांना होतो, पण परिणामात दहा जणांचा हात असतो आणि तपासण्यात तुमचा एकटीचा. काय तपासलं, कशावरून, काय सापडलं, समोरचा काय म्हणाला, आणि मूळ बातमीची लिंक. नंतर काय घडलं हे लिहायचं असेल तर क्रमाने लिहा, "मुळे" हा प्रत्यय न लावता. बातमी फेब्रुवारीत आली, पैसे मार्चमध्ये जमा झाले, त्याआधी संघटनेचं आंदोलन सुरू होतं. वाचक हुशार असतो.

आणि अशी कामं तीनच द्या. आठ दिली की यादी होते, कुणी लिंक उघडत नाही.

पंकज_डिजिटल
ओके पटलं. पण पुरस्कार तरी राहू द्या.

उसाचं_पाचट
तो आदर्श पत्रकार पुरस्कार कुणाचा? आमच्याकडे तर चेअरमनच्या वडिलांच्या पुण्यतिथीला देतात.

बार्शीलाइट
...तोच आहे दादा. त्या कारखान्याचा नाही, शेजारच्या. 2016 ला. ट्रॉफी, शाल आणि 5 हजारांचं पाकीट. पैसे मी शाळेला दिले होते पण घेतले होते हे खरं.

आणि आता बोलतेच आहे तर दुसरं पण सांगते. ज्या कारखान्याची ती पासबुकं तपासली त्याचेच माझे वडील सभासद आहेत. आमचा साडेतीन एकर ऊस तिथेच जातो. दिवाळीला सवलतीची साखर घरी येते, पिशवीवर कारखान्याचं नाव. हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही. संपादकांना माहीत आहे, वाचकांना नाही.

हडसनकाठी
अगं मग हेच तर तुझ्या पानावर पाहिजे! त्रिसूत्री काढ आणि हे टाक.

वाट_चुकलेला
आमच्या तालुक्यात ज्याचा ऊस नाही असा पत्रकार शोधून दाखवा. सगळेच सभासद. मग काय सगळ्यांनी लिहित बसायचं का, उद्या म्हणाल जिल्हा बँकेत खातं आहे तेही लिहा.

ॲड_भीमाकाठ
खातं आणि सभासदत्व वेगळं. सभासद संचालक मंडळ निवडतो, त्याचं बिल अडकलं तर त्याचा फायदा-तोटा थेट आहे.

उसाचं_पाचट
मला उलटं वाटतं. ऊस घालणाऱ्या घरातली बाई आहे म्हणून तर तिला पावती वाचता येते, पुण्या-मुंबईच्या पत्रकाराला तोडणी-वाहतूक वजा कशी होते ते समजावताना आमची दमछाक होते. लाज कसली त्यात, पण सांगा. आधी सांगितलं तर आपली वाटते, मागाहून कळलं तर विकली गेली म्हणतात.

जुना_खिळा
पाचट यांनी मुद्दा पकडला. ते एकच वाक्य तुमच्या बीटची पात्रता पण सांगतं आणि हितसंबंध पण. मात्र नुसतं "वडील सभासद आहेत" सांगून थांबू नका, मग तुम्ही काय करता तेही हवं. म्हणजे त्या कारखान्याच्या संचालक निवडणुकीचं वार्तांकन तुम्ही करता का? बिलाची बातमी केली तर डेस्कवर दुसरं कुणी आकडे तपासतं का? ठरवलं नसेल तर आधी संपादकांशी ठरवा, मग लिहा. पानासाठी नियम बनवायचा आणि तो पानावरच राहायचा, असं नको.

पुरस्काराबद्दल, माझ्या मते तो सन्मान म्हणून नव्हे तर हितसंबंध म्हणून लिहायचा. वर्ष, देणारा कोण, रक्कम किती.

पंकज_डिजिटल
काका हे जरा अति होतंय. पुरस्कार लिहिला नाही तर चालेल ना, गप्प राहा. स्वतःच्या पायावर धोंडा कशाला?

जुना_खिळा
त्यांचं नाव त्या कारखान्याच्या जुन्या स्मरणिकेत फोटोसकट असणार. धोंडा आधीच पडलेला आहे, फक्त कुणी बघितलेला नाही.

स्ट्रिंगर_नंबर_सात
मी वाचतोय फक्त, पण एक विचारू का. आम्हाला पोर्टलकडून बातमीचे पैसे नगण्य, जाहिरात आणली की 15 टक्के. वाढदिवसाच्या शुभेच्छांची जाहिरात ज्याच्याकडून आणतो त्याच्यावरच आठवड्याने बातमी करायची वेळ येते. मी माझ्या पानावर काय लिहू? "मी जाहिरात घेत नाही" लिहिलं तर खोटं. खरं लिहिलं तर पोर्टलवालेच काढून टाकतील.

ॲड_भीमाकाठ
खोटं लिहू नका एवढंच सांगू शकतो.

बार्शीलाइट
सात नंबर, पेपरात होते तेव्हा मलाही दिवाळी अंकाच्या जाहिरातींचं टार्गेट असायचं. आता नाही. तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

जुना_खिळा
माझ्याकडेही नाही. "निष्पक्ष" हा शब्द तरी टाळा, आणि ज्यांची जाहिरात आणलीत त्यांची बातमी दुसऱ्याला द्या म्हणून सांगून बघा. ऐकतीलच असं नाही.

हडसनकाठी
चुका लिहायच्या का पण? म्हणजे मी आजवर कुठे चुकले ते?

बार्शीलाइट
माझी एक मोठी आहे. 2019 ला मी एका कारखान्याचा दर प्रतिटन लिहिताना तोडणी-वाहतूक वजा केलेला आकडा घेतला आणि शेजारच्याचा वजा न केलेला. दोन्ही एकाच चौकटीत. पहिला कारखाना उगाच कमी देतोय असं दिसलं. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळींचा खुलासा. चौकट पहिल्या पानावर होती.

पंकज_डिजिटल
हे अजिबात लिहू नका. कुणीतरी स्क्रीनशॉट काढून प्रत्येक बातमीखाली चिकटवेल, "या बाईंना वजाबाकी येत नाही". मी असले ट्रोल रोज बघतो.

जुना_खिळा
इथे मी पंकजरावांशी अर्धा सहमत. चुकीची कबुली पानावर कोरून ठेवायची गरज नाही, ती त्या बातमीवर हवी, तारखेसकट आणि बातमीच्या वरच्या बाजूला. पानावर फक्त चूक कुठे कळवायची ते द्या.

उसाचं_पाचट
मला तर आवडेल वाचायला. ज्याने हिशोबात मार खाल्लाय तो पुढे दोनदा मोजतो.

बार्शीलाइट
बरं, आज संपादकांशी बोलले. दोन गोष्टी ठरल्या. वडील सभासद असलेल्या कारखान्याची निवडणूक मी करणार नाही आणि तिथल्या बिलाच्या बातमीचे आकडे डेस्कवर दुसरं कुणीतरी मूळ कागदाशी ताडून बघेल. पुरस्काराच्या वाक्याला ते "बघू" म्हणाले, म्हणजे कापतील बहुतेक. फोन नंबर देणार नाही, एकदा दिला होता तर रात्री अकराला व्हिडिओ कॉल यायला लागले, ऑफिसचा मेल देते. आता हे बघा:

"मी सोलापूर जिल्ह्यातल्या ऊस, साखर कारखाने, सहकार आणि उजनीच्या पाण्यावर लिहिते. 19 वर्षं बातमीदारी करते, त्यातली शेवटची चार या पोर्टलवर.

2023 च्या फेब्रुवारीत मी साखर आयुक्तालयाचा एफआरपीचा तक्ता दोन गावांतल्या 23 शेतकऱ्यांच्या पासबुकांशी ताडून पाहिला. तक्त्यात एका कारखान्याची थकबाकी शून्य होती, 17 जणांना डिसेंबरचं बिल मिळालेलं नव्हतं. बँकेकडून उशीर झाल्याचं कारखान्याचं म्हणणं होतं. पैसे मार्चमध्ये जमा झाले. शेतकरी संघटनेचं आंदोलन त्याआधीपासून सुरू होतं.

माझे वडील याच कारखान्याचे सभासद आहेत आणि आमचा ऊस तिथे जातो. त्या कारखान्याच्या निवडणुकीचं वार्तांकन मी करत नाही, तिथल्या आकड्यांची बातमी डेस्कवर दुसरी व्यक्ती कागदपत्रांशी ताडते. 2016 मध्ये मी जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका साखर कारखान्याशी संबंधित प्रतिष्ठानचा 5 हजार रुपयांचा पुरस्कार घेतला होता. मी जाहिराती आणत नाही.

बातमीत चूक दिसली तर ऑफिसच्या मेलवर कळवा. दुरुस्ती त्याच बातमीच्या वर, तारखेसह येईल."

बाकीच्या दोन बातम्यांच्या लिंक खाली येतील, त्या पाण्याच्या आहेत.

हडसनकाठी
मला वाचून तुझ्यावर विश्वास बसला आणि कारखान्याबद्दल प्रश्न पडले, उलटं नाही झालं.

ॲड_भीमाकाठ
माझ्याकडून ओके. "याच कारखान्याचे" आहे, पण वर कारखान्याचं नाव नाही. वाचक लिंक उघडेल तेव्हाच कळणार. नाव द्या किंवा लिंक त्या शब्दावर लावा, नाहीतर कबुली अर्धी राहते.

पंकज_डिजिटल
फोटो टाका पण हसरा. आणि शेअर बटण.

जुना_खिळा
छान. एकच शंका. "19 वर्षं बातमीदारी" म्हणता, पण तुम्ही मधे पुरवणीच्या डेस्कवर होतात असं मागे एका धाग्यात लिहिलं होतं. ती वर्षं यात धरलीत का?

बार्शीलाइट
अरे देवा. तीन वर्षं होते डेस्कवर. 16 करते.